राउटरशेजारच्या टीव्हीवर ब्लूटूथ कीबोर्ड, माऊस अडखळत असेल तर

माझ्या टीव्हीच्या मागेच राउटर होता, जेमतेम वीतभर अंतरावर. सर्चमध्ये 'marathi' टाइप केलं की 'marrrrathi' उमटायचं. मी बरेच दिवस कीबोर्डलाच दोष देत होतो. खरं तर 'r' वरून बोट उचलल्याचा सिग्नल टीव्हीपर्यंत उशिरा पोहोचत होता आणि तोवर टीव्ही ते बटण दाबलेलंच धरत होता.

ब्लूटूथ चालतं 2.4 गीगाहर्ट्झवर, आणि वायफायचा जुना बँडही तोच. गर्दीचे चॅनल टाळून मोकळ्यावर उडी मारायची सोय ब्लूटूथमध्ये असते, पण राउटर अगदी खेटून असला की टाळायचं तरी किती! त्यातून टीव्ही स्वतःच 2.4 वर व्हिडिओ खेचत असेल तर आणखी पंचाईत. बऱ्याच टीव्हींत वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात आणि त्यांना आळीपाळीने बोलावं लागतं.

आधी दुखणं ओळखा. कीबोर्ड, माऊस किंवा गेम कंट्रोलर कायम सारखाच उशीर करत असेल, तर तो बहुधा टीव्हीच्या पिक्चर प्रोसेसिंगचा दोष. गेम मोड चालू करून बघा. मधूनच झटके बसत असतील किंवा कनेक्शन तुटत असेल, तर राउटरवर संशय घ्या. खात्रीसाठी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन 2.4 चा बँड दहा मिनिटं बंद ठेवा आणि तेवढा वेळ टाइप करून किंवा खेळून बघा. (त्या बँडवरची बाकी उपकरणं तेवढ्यापुरती नेटबाहेर जातील, घरच्यांना आधी सांगून ठेवा.) झटके थांबले तर चोर सापडला. नाही थांबले, तर कीबोर्डच्या बॅटरीकडे वळा.

चोर सापडल्यावर पहिलं काम म्हणजे टीव्हीला नेटची केबल जोडणं आणि त्याचं वायफाय बंद करणं. केबल शक्य नसेल तर टीव्ही 5 गीगाहर्ट्झवर न्या. राउटर दोन्ही बँडना एकच नाव देत असेल तर नावं वेगळी करा, नाहीतर टीव्ही गुपचूप परत 2.4 वर येतो.

मग राउटर दीड-दोन मीटर लांब सरकवा. माझं निम्मं काम इथेच झालं.

तरी कुरकुर राहिली, तर राउटरमध्ये 2.4 ची चॅनल विड्थ 'Auto' किंवा 40 वरून 20 MHz करा. 40 वर वायफाय जवळजवळ अर्धा बँड व्यापतं. 20 वर ब्लूटूथला उड्या मारायला भरपूर जागा उरते. चॅनलही 'Auto' वर न सोडता 1, 6, 11 पैकी कमी गर्दीचा निवडून पक्का करा.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते, ती म्हणजे टीव्हीला लावलेली यूएसबी 3 हार्ड डिस्क. तिची केबलसुद्धा 2.4 च्या आसपास गोंगाट करते. ती काढून बघा.