पुतण्याच्या फोनमध्ये दुकान ठेवू नका: वेबसाइट की पेज ठरवताना या चुका टाळा

पनवेल-पेण पट्ट्यातल्या छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट करून देणं हा माझा धंदा. त्यामुळे "तू काय, वेबसाइट घ्या असंच सांगणार" हे ऐकायची सवय आहे. खरं सांगतो, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांना मी साइट न करताच परत पाठवतो. आणि ज्यांना खरोखर हवी असते ते येतच नाहीत, कारण त्यांचं इन्स्टावर झकास चाललेलं असतं. पेज हातातून गेलं की मग रात्री अकराला फोन येतो.

चूक पहिली: पाटी लावल्यासारखी वेबसाइट लावणं

एक ताई पोळी-भाजी केंद्र चालवतात. कुणीतरी त्यांना पस्तीस हजारांत पाच पानांची साइट करून दिली होती. 'आमच्याविषयी', 'आमचे ध्येय', आणि फोटोंच्या पानावर कुठल्या तरी परदेशी सॅलडचे फोटो. त्यांचं गिऱ्हाईक कोण? मागच्या दोन सोसायट्या, समोरच्या बँकेतला स्टाफ आणि स्टेशनवरून घरी जाणारे लोक. या माणसांना तीनच गोष्टी हव्या असतात: आज भाजी कोणती, पोळ्या किती वाजेपर्यंत मिळतील, आणि फोन केला तर बाजूला काढून ठेवाल का. आजची भाजी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर टाकायची गोष्ट आहे. साइटवर मात्र ती साइट बनली त्या दिवशीची भरली वांगी अजून तशीच होती.

मी त्यांच्यासमोरच माझ्या फोनवर 'पोळी भाजी' टाकून जवळपासचं शोधलं. नकाशावर पलीकडच्या गल्लीतला त्यांचा स्पर्धक आला, वेळ आणि फोन नंबरासकट. ताईंचं केंद्र आलंच नाही, कारण गूगलवर त्यांची नोंदच नव्हती. ती नोंद फुकट होते. दुकानाचा छोटा व्हिडिओ काढून पडताळणी करायला लागते, थोडे दिवस थांबायला लागतं, एवढंच. पस्तीस हजार गेले आणि फुकटची गोष्ट राहिली.

म्हणून आता मी कुणालाही आधी वही करायला सांगतो. पंधरा दिवस, प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न: "आमचं कुठून कळलं?" आणि त्याच्या पुढे लिहायचं की यायच्या आधी त्याने फोनवर किंवा मेसेजमध्ये काय काय विचारलं. लोकांना याचा कंटाळा येतो. "दादा, पंधरा दिवस कोण लिहीत बसणार, तुम्हीच सांगा ना काय ते." मी नाही सांगत. तुमचं गिऱ्हाईक मला कसं माहीत असणार?

वही भरली की उत्तर बहुतेक वेळा आपोआप दिसतं. माणसं रस्त्यावरून जाताना बघून किंवा शेजारणीने सांगितलं म्हणून येत असतील, तर नकाशावरची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरे. रोज नवा माल येतो आणि माणसं तो बघून हरखतात, असा धंदा असेल (साड्या, केक, ब्लाउजचं डिझाइन), तर इन्स्टा-फेसबुक पेज हवंच. पण लांबून माणसं येत असतील, आणि पैसे द्यायच्या आधी प्रत्येक जण तेच पाच-सहा प्रश्न विचारत असेल, तर ती उत्तरं एका पक्क्या जागी लिहिलेली हवीत. होमस्टे, आंब्याच्या पेट्या, मंगल कार्यालय, गणपतीचे कारखाने हे असे धंदे. तिथे साइट लागते, आणि तीही एका पानाची चालते.

पेजवर ती उत्तरं टिकत नाहीत. विश्वास नसेल तर ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता, स्वतःच्या इन्स्टाची लिंक उघडून बघा. चार फोटो खाली सरकवले की 'लॉगिन करा'ची चौकट आडवी येते. ज्या काकूंचं इन्स्टा खातं नाही, त्या तिथूनच परत फिरतात. आणि दराची पोस्ट तर खाली कुठेतरी गाडली गेलेली असते.

चूक दुसरी: किल्ली दुसऱ्याच्या खिशात

पेणमधला एक गणपतीचा कारखाना. शाडूच्या मूर्ती, तिसरी पिढी. परदेशी जाणाऱ्या मूर्तींचं काम तिथे चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी सुरू होतं, आणि मुंबई-पुण्याचं बुकिंग पावसाळ्यात. कारखाना काकांचा, इन्स्टा पुतण्याचा. पोरगा हुशार, रंगकाम करतानाचे व्हिडिओ इतके सुंदर काढायचा की बुकिंग आपोआप यायचं. मी दोनदा म्हटलं होतं, एक पान करून ठेवू, स्वतःच्या नावाचा वेबसाइटचा पत्ता घेऊ. काका म्हणाले, "अरे, कशाला खर्च? फोन वाजायचा थांबत नाही इथे."

२०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. ऑगस्टच्या मध्यावर पुतण्याला मेसेज आला: तुमच्या व्हिडिओतल्या संगीतावर हक्कभंगाची तक्रार आहे, २४ तासांत खातं बंद होईल, दाद मागायची तर इथे दाबा. पोराने घाबरून दाबलं. समोर हुबेहूब लॉगिनचं पान आलं, त्यात पासवर्ड टाकला, मग फोनवर आलेला सहा आकडी कोडही टाकला. दहा मिनिटांत खात्याचा ईमेल आणि नंबर बदललेला. संध्याकाळी गणपतींच्या जागी 'पैसे दुप्पट करा'च्या स्टोऱ्या सुरू.

ओळखायची खूण सोपी आहे. खात्याबद्दल खरी तक्रार असेल तर ती अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये, खात्याच्या स्थितीत दिसते. अनोळखी माणसाने मेसेजमध्ये पाठवलेली लिंक म्हणजे फसवणूक धरूनच चालायचं. आणि तो सहा आकडी कोड अ‍ॅपशिवाय कुठेही टाकायचा नाही, कुणीही मागितला तरी. पण पोराला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. त्याला दोष देऊन काय उपयोग.

खातं जाण्यापेक्षा मोठा घोळ पुढे होता. सगळं बुकिंग मेसेजमध्येच होतं. कोणाला किती इंचाची, पीतांबर कोणत्या रंगाचा, कधी न्यायला येणार, सगळं तिथेच. आगाऊ पैसे यूपीआयने आलेले, म्हणजे बँकेत नाव आणि रक्कम दिसते, पण कोणत्या मूर्तीचे ते कसं कळणार? दोन रात्री आम्ही बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसलो. पाचशे एक आले तर लहान मूर्ती असेल, हजार एक आले तर मोठी, असे अंदाज. काही गिऱ्हाइकांना फोन करून विचारलं, "तुमचा गणपती कोणता होता हो?" काकांना ते विचारताना मान वर करवत नव्हती.

तिकडे गिऱ्हाइकं घाबरून गूगलवर कारखान्याचं नाव शोधत होती. तिथे नोंद होती, पण नंबर लँडलाइनचा, आजोबांच्या वेळचा, बंद पडलेला. नोंद कोणाच्या ईमेलवर आहे हे घरात कोणालाच माहीत नाही. मालकी मागायचा अर्ज केला; जुन्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात, तेवढे थांबलो, मग पडताळणी. ऐन हंगामात तो प्रत्येक दिवस महाग होता.

मधल्या वेळात मी काकांच्या स्वतःच्या ईमेलवर एक पत्ता घेतला आणि एका दुपारी एक पान उभं केलं. उंचीप्रमाणे दर, बारा फोटो, बुकिंग कधीपर्यंत, मूर्ती न्यायची वेळ, कारखान्याचा नकाशा आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. 'आमचे ध्येय' नाही. `.in` पत्त्याचे वर्षाला हजाराच्या आतबाहेर पडले. त्या पानाची लिंक काकांनी फोनमधल्या प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला पाठवली.

आता तिथे पेजही आहे, पानही आहे. नवं पेज पुतण्याच चालवतो, दोन टप्प्यांचं लॉगिन लावून, आणि दुसरा ताबा काकांच्या फोनवर. बुकिंग मात्र वहीत. मेसेज आला की आधी वही, मग "हो, ठरलं".

हीच चूक, वेबसाइटच्या वेशात

साइट असली म्हणजे किल्ली तुमच्याच खिशात असते असंही नाही. निम्म्या दुकानदारांचा पत्ता साइट करणाऱ्याच्याच खात्यावर घेतलेला असतो. तो माणूस नोकरी धरून बेंगळुरूला गेला की संपलं. तपासायची पद्धत एकच: पत्ता जिथून विकत घेतला तिथे 'पासवर्ड विसरलो' दाबा. ईमेल तुमच्याकडे आला तर पत्ता तुमचा. दुसऱ्याकडे गेला तर आजच बदलून घ्या, तो माणूस फोन उचलतोय तोवर. आमच्या धंद्यातल्या काहींना हे लिहिलेलं आवडणार नाही. नाही तर नाही.

मुदत संपायची तारीखही स्वतःच्या कॅलेंडरवर लिहा. पहिलं वर्ष दोनशे रुपयांत देतात आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण दर लावतात, तेव्हा दचकून "नंतर भरू" म्हणू नका. `.com` पत्ता मुदतीनंतर लगेच जात नाही, पण उशीर झाला की सोडवून घ्यायला जबर दंड पडतो, आणि त्यानंतर तो कोणीही घेऊ शकतो.

बाकीच्या, एकेका ओळीत

फुकटच्या साइटचा पत्ता कार्डावर छापू नका. `business.site` ने संपणाऱ्या गूगलच्या फुकट साइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या आणि छापलेली कार्डं रद्दीत गेली.

दर फक्त फोटोत टाकू नका, अक्षरांत लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतील.

फॉलोअर विकत घेऊ नका. यावर अजून लिहायला माझ्याकडे वेळ नाही.

पेज आणि नकाशा दोन्हीकडे वेळ आणि नंबर एकच असू द्या. दुपारी एक ते चार बंद असता तर तेही लिहा, लोक उन्हातून येतात.

आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबल्यावर 'नंबर चुकीचा आहे' येत असेल तर लिंक बघा. ९१ नंतर सरळ दहा आकडे हवेत. अधिकचं चिन्ह, शून्य किंवा मोकळी जागा नको:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

बदल केला की दुसऱ्याच्या फोनवरून दाबून बघा. स्वतःच्या फोनवरून बघितलं तर स्वतःलाच मेसेज जातो.