लाइट बिलाचा फोटो एआयला दाखवण्याआधी काय काय झाकावं

लाइट बिल एकदम वाढून आलं की हल्ली अनेकजण त्याचा फोटो काढून एआय टूललाच विचारतात, "एवढं बिल कसं आलं?" विचारायला काहीच हरकत नाही, पण या उत्तरासाठी बिलाचा थोडासाच भाग पुरतो. महावितरणच्या बिलात मागील रीडिंग, चालू रीडिंग, वापरलेली युनिट, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार वगैरेंचा तक्ता आणि असलीच तर थकबाकी, एवढं दिसलं की झालं. नाव, पत्ता, मोबाइल, मीटर क्रमांक आणि १२ अंकी ग्राहक क्रमांक यांचं तिथे काही काम नाही.

यातला ग्राहक क्रमांक लोक सर्वात सहज सोडून देतात. पैसे भरण्याच्या ॲपमध्ये तो आणि बिलिंग युनिटचा आकडा टाकला, की ग्राहकाचं नाव आणि भरायची रक्कम समोर येते. "बिल भरलं नाही, आज रात्री वीज तोडणार" असा खोटा फोन करणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. नाव आणि रक्कम बरोबर सांगितली की समोरचा माणूस विश्वास ठेवतो.

म्हणून सुरुवात फोटो काढण्याआधीच करा. बिल असं दुमडा की फक्त रीडिंगचा आणि आकारांचा भाग वर राहील, उरलेल्यावर कोरा कागद ठेवा. जे फोटोत आलंच नाही ते पुसावंही लागत नाही. बिलाचा कागद पातळ असतो, मागची छपाई उजेडात आरपार दिसते, तेव्हा खाली जाड पुठ्ठा किंवा वही ठेवा. खालच्या स्थळप्रतीवर ग्राहक क्रमांक पुन्हा छापलेला असतो, तीही मागे दुमडा. बारकोड आणि क्यूआर कोड तर पूर्ण झाका. माणसाला ते वाचता येत नसले तरी यंत्राला येतात.

मीटरचाही फोटो द्यायचा असेल तर जास्त जपा. सोसायटीच्या मीटर बोर्डावर प्रत्येक मीटरखाली फ्लॅट नंबर रंगवलेला असतो, कधी आडनावही. शेजाऱ्यांची माहितीही आपल्याच फोटोतून जाते. मीटरच्या काचेत फोटो काढणाऱ्याचा चेहरा उमटतो, तो टाळायला थोडं तिरकं उभं राहा. मग क्रॉप करून फक्त आकड्यांची पट्टी ठेवा.

क्रॉप करूनही मधे काही राहिलं तर ते भरीव काळ्या चौकोनानं झाका. हायलायटर नको, त्याचा रंग अर्धपारदर्शक असतो. काळा फिरवला तरी ब्राइटनेस वाढवल्यावर खालचे अंक पुन्हा दिसू शकतात. धूसर करणं किंवा चौकटी-चौकटी करणंही अंकांसाठी भरवशाचं नाही. अंक दहाच असतात, प्रत्येक अंक तसाच धूसर करून जुळवून पाहिला की मूळ आकडा शोधता येतो. चेहऱ्यावरही चौकोनच टाका.

आता फोटो लगेच पाठवू नका. क्रॉप केलेल्या फाइलमध्ये मूळ चित्राचा अंश उरू शकतो. २०२३ मध्ये गूगल पिक्सेल फोनच्या मार्कअप टूलमध्ये अशीच चूक सापडली होती: क्रॉप करून जतन केलेल्या स्क्रीनशॉटमधून कापलेला भाग काही अंशी परत मिळवता येत होता. ती पुढे दुरुस्त झाली. शिवाय 'मोशन फोटो' चालू असेल तर फोटोबरोबर दोन-तीन सेकंदांचा व्हिडिओही साठतो, त्यात बाजूला उभा असलेला मुलगा दिसू शकतो. फोटो काढल्याचं ठिकाणही फाइलमध्ये नोंदलेलं असू शकतं, म्हणजे घराचा नंबर कापला तरी घर सापडतं.

या सगळ्यावर सोपा उपाय म्हणजे झाकलेला फोटो स्क्रीनभर उघडून त्याचा स्क्रीनशॉट घेणं. त्यात फक्त दिसतं तेवढंच येतं. मागचा व्हिडिओ आणि कॅमेऱ्यानं नोंदवलेलं ठिकाण मागेच राहतं. स्क्रीनशॉट घेण्याआधी वरच्या पट्टीतल्या सूचना काढून टाका, नाहीतर एखादा बँकेचा मेसेज त्यात यायचा.

मग तपासणी. स्क्रीनशॉटची एक प्रत एडिटरमध्ये उघडून ब्राइटनेस पूर्ण वाढवा आणि चारही कडा झूम करून पाहा. अर्धवट कापलेल्या ओळीचा वरचा भाग दिसला तरी आकडे ओळखू येतात, अशी कड आणखी आत घ्या.

सर्वात जास्त घोटाळा शेवटच्या टप्प्यावर होतो. गॅलरीत मूळ फोटो आणि झाकलेला फोटो शेजारी-शेजारी असतात, घाईत बोट मूळवर पडतं. स्क्रीनशॉट वेगळ्या अल्बममध्ये ठेवा. फोनमध्ये पर्याय असेल तर त्या टूलला सगळी गॅलरी उघडून न देता निवडक फोटोंचीच परवानगी द्या. सोबतच्या प्रश्नात नाव-पत्ता लिहू नका.

मूळ फोटो चुकून गेलाच तर ते संभाषण हटवा आणि सेटिंगमध्ये आपला मजकूर प्रशिक्षणासाठी वापरू न देण्याचा पर्याय असेल तर तो निवडा. हटवल्यावरही कंपनीकडची प्रत लगेच पुसली जाईलच असं नाही. म्हणून नंतर वीज तोडण्याचा फोन आला, तर समोरच्यानं नाव आणि रक्कम अचूक सांगितली तरी त्याच्या लिंकवरून पैसे भरू नका. बिलावरच्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करा.