अँटी-टेन-ए जास्त, एपीटीटी कमी: हेपॅरिनच्या रिपोर्टपाशी नवखा कुठे अडकतो

हेपॅरिनने एपीटीटी लांबतो आणि अँटी-टेन-ए वाढतो, एवढं परीक्षेपुरतं तुम्हाला येतंच. कोअॅग्युलेशनच्या टेबलावर सुरुवातीला दोन्ही आकडे एकाच दिशेने जाताना दिसतात, त्यामुळे काही वेगळं शिकायचं आहे असं वाटतच नाही. खरी अडचण दोघे उलट बोलायला लागले की येते, आणि ते बहुतेक रात्रपाळीलाच घडतं. मला हा भाग समजायला फार वेळ लागला, म्हणून जरा लांबण लावतेय.

एक केस घेऊ. सत्तरीतले आजोबा, वजन 70 किलो. एट्रियल फिब्रिलेशनसाठी अपिक्साबॅनची 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा चालू. सकाळी आठला गोळी घेतली आणि संध्याकाळी पाय गार, निळसर पडला म्हणून घरच्यांनी आणलं. पायाच्या रोहिणीत गुठळी. साधं हेपॅरिन सुरू झालं: किलोमागे 80 युनिट म्हणजे 5600 चा बोलस, मग ताशी किलोमागे 18 म्हणजे 1260 युनिटची ड्रिप. सहा तासांनी सॅम्पल आलं. अँटी-टेन-ए 1.1 आणि एपीटीटी 46 सेकंद. हेपॅरिनची हवी ती पातळी 0.3 ते 0.7, आणि या लॅबच्या रिएजंटवर तिला जुळणारा एपीटीटी 60 ते 90 सेकंद. म्हणजे एक आकडा म्हणतो औषध जास्त झालं, दुसरा म्हणतो अजून पुरलेलं नाही. वॉर्डात चार्ट लावलेला असतो: 1.0 च्या वर गेलं की ड्रिप तासभर बंद, मग दर कमी. रेसिडेंट चार्टप्रमाणे वागणार, त्याची काही चूक नाही. पण तसं केलं तर गुठळी असलेल्या माणसाचं औषध आपण कमी करतोय.

मशीन हेपॅरिन मोजत नाही, हे इथे डोक्यात पक्कं बसायला हवं. आपण प्लाझ्मात ठरावीक, जादाचा टेन-ए घालतो. हेपॅरिन अँटिथ्रॉम्बिनच्या मदतीने त्यातला काही अडवतं. जो उरतो तो सबस्ट्रेट तोडतो, पिवळा रंग सुटतो आणि 405 नॅनोमीटरला तो वाचला जातो. रंग कमी, म्हणजे हेपॅरिन जास्त. पण टेन-ए कोणी अडवला, हे रंगावरून कळत नाही. अपिक्साबॅन आणि रिव्हारोक्साबॅन हे टेन-एला थेट धरतात. रंग तसाच कमी होतो आणि मशीन तो हेपॅरिनच्या कर्व्हवर बसवून खुशाल हेपॅरिनची युनिटं छापतं. एपीटीटीवर मात्र अपिक्साबॅनचा परिणाम अगदी थोडा असतो. आजोबांचा 46 सेकंदांचा आकडा त्यामुळे जास्त विश्वासाचा.

हे ओळखायचं कसं? हेपॅरिन सुरू होण्याआधी काढलेली निळ्या झाकणाची ट्यूब शोधा. तिचा प्लाझ्मा राखून ठेवला असेल तर त्यावर अँटी-टेन-ए लावा. इथे तो 1.2 आला, हेपॅरिनचा थेंबही गेलेला नसताना. मग सहा तासांच्या सॅम्पलमध्ये हेपॅरिनेज घालून हेपॅरिन निकामी केलं आणि पुन्हा लावला, तर 0.9. म्हणजे बराचसा आकडा गोळीचा. आता 1.1 वजा 0.9 करून हेपॅरिन 0.2 आहे असं रिपोर्टवर लिहायचा मोह होतो. लिहू नका. तो कर्व्ह अपिक्साबॅनसाठी कॅलिब्रेट केलेला नाही आणि दोन औषधांचे परिणाम सरळ बेरजेत बसत नाहीत. दिशा कळली, तेवढं पुरे. आजोबांची ड्रिप एपीटीटीवर चालवायची, दर वाढवायचा, आणि गोळी शरीरातून जाईपर्यंत अँटी-टेन-ए बाजूला ठेवायचा. त्याला साधारण दोन-तीन दिवस लागतात, किडनी कमजोर असेल तर जास्त.

हेपॅरिनेज सगळ्या लॅबमध्ये नसतं. पहिली ट्यूब मात्र फुकट मिळते, फक्त सिस्टरांना आधी सांगून ठेवावं लागतं.

आता लगेच असं समजू नका की आकडे भांडले की एपीटीटी खरा. उलटही होतं. अंगात सूज-संसर्ग असलेल्या पेशंटचा फॅक्टर आठ आणि फायब्रिनोजेन वाढतो, त्यामुळे हेपॅरिन पुरेसं असूनही एपीटीटी आखूड राहतो. कागदावर चित्र आजोबांसारखंच दिसतं: अँटी-टेन-ए वर, एपीटीटी खाली. इथे एपीटीटीच्या मागे लागून ड्रिप वाढवत गेलात तर पेशंटला रक्तस्राव होईल. फरक पुन्हा पहिल्या ट्यूबमध्येच आहे. फॅक्टर आठवाल्याचा सुरुवातीचा अँटी-टेन-ए जवळजवळ शून्य असतो, गोळीवाल्याचा नसतो. आणि हेपॅरिनआधीच एपीटीटी 55 असेल, तर ल्यूपस अँटिकोअॅग्युलंट किंवा फॅक्टर बाराची कमतरता मनात आणा. त्या पेशंटचा एपीटीटी हेपॅरिनसाठी निरुपयोगीच.

ही 60 ते 90 ची रेंज आली कुठून, हे कोणी विचारत नाही. "कंट्रोलच्या दीड ते अडीच पट, झालं" असं सांगणारे सीनियर तुम्हालाही भेटतील. मला तो शॉर्टकट अजिबात पटत नाही, कारण एकाच हेपॅरिन पातळीला वेगवेगळे रिएजंट वेगवेगळे सेकंद देतात. खरी पद्धत कष्टाची आहे: हेपॅरिनवर असलेल्या पेशंटची सॅम्पलं जमवायची, प्रत्येकावर दोन्ही टेस्ट लावायच्या, आलेख काढायचा आणि 0.3 व 0.7 पाशी किती सेकंद येतात ते वाचायचं. रिएजंटचा लॉट बदलला की हे पुन्हा तपासायचं. नॉर्मल प्लाझ्मात बाटलीतलं हेपॅरिन टाकून काम उरकता येतं, पण त्यातून निघणारी रेंज खऱ्या पेशंटवर बसत नाही, म्हणून ती वाटसुद्धा धरू नका.

सॅम्पलबद्दल एकच गोष्ट. ट्यूब वॉर्डात पडून राहिली की प्लेटलेटमधून प्लेटलेट फॅक्टर फोर सुटतो आणि हेपॅरिनला तिथेच निष्प्रभ करतो. दोन्ही आकडे खोटे कमी येतात. तासाभरात सेंट्रिफ्यूज झालं नसेल तर सॅम्पल परत मागा. वॉर्डवाले चिडतील, चिडू द्या.

एलएमडब्ल्यूएचचं त्यामानाने सोपं आहे. एनॉक्सापॅरिनवर असलेल्या पेशंटचा एपीटीटी मागवला जातो, नॉर्मल येतो आणि "औषध लागूच पडत नाही" असा फोन येतो. एलएमडब्ल्यूएच थ्रॉम्बिनपेक्षा टेन-एवर जास्त काम करतं, म्हणून एपीटीटी फारसा हलत नाही. बहुतेकांना तपासणी लागतही नाही. किडनी बिघडलेली, वजन फार जास्त किंवा गरोदरपण असेल तेव्हा अँटी-टेन-ए मागवतात, आणि तो डोसनंतर चार तासांनी, काही डोस होऊन गेल्यावर. किलोमागे 1 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू असेल तर तेव्हा 0.6 ते 1.0 अपेक्षित. तोच पेशंट पुढच्या डोसच्या जरा आधी तपासला तर 0.3 येऊ शकतो, आणि तो आकडा चार तासांच्या रेंजशी ताडून बघणाऱ्याला डोस कमी वाटतो. म्हणून फॉर्मवर शेवटच्या इंजेक्शनची वेळ नसेल तर मी टेस्ट लावण्याआधी वॉर्डात फोन करते, आणि ती वेळ रिपोर्टवर आकड्याच्या शेजारीच लिहिते.