स्टार्टर मारताच डिजिटल मीटर रीबूट होणं: दोष अर्थिंगचा निघाला

कोल्हापूरच्या पावसाळ्यात कारचा मीटर स्टार्टर मारताच गोठायचा, मग रीबूट व्हायचा. सॉफ्टवेअर अपडेट केलं, फ्यूज बदलला, फरक शून्य. वैताग आला होता.

बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे ठीक. मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्यावर धरून सेल्फ मारायला लावला: 1.3 व्होल्ट! अर्ध्या व्होल्टच्या आत हवेत. अर्थिंगच्या बोल्टखाली गंज होता.

इग्निशन बंद करून निगेटिव्ह काढली, पत्रा आणि अर्थिंग वायरीच्या टोकाचा लग पॉलिश पेपरने चकचकीत घासले, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावलं, निगेटिव्ह परत जोडली. आता 0.2.

रीबूटनंतर सगळे इशारे एकदम गेले, तर गाडी सुधारली असं मानू नका. किल्ली ऑन करताच एबीएस, एअरबॅगचे दिवे काही सेकंद लागलेच पाहिजेत. लागलेच नाहीत, तर मीटरच आंधळा आहे. आधी स्कॅन करा.