सीझियम-१३७ आणि अंतर्गत रूपांतरण: या चुका टाळा

प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सीझियम-१३७ स्रोताची ६६१.७ केईव्हीची रेषा खरं तर बेरियम-१३७ च्या उत्तेजित केंद्रकाची असते. सीझियमच्या दर शंभर विघटनांपैकी सुमारे ९४ विघटनं या पातळीवर येतात. तिचा अर्धायुकाल २.५५ मिनिटं आहे. इथून खाली उतरायचं तर केंद्रकाच्या फिरकीत मोठा फरक पडावा लागतो, म्हणून गॅमा सहजी सुटत नाही. तेवढ्या वेळात केंद्रक आपली ऊर्जा थेट अणूच्याच एखाद्या आतल्या इलेक्ट्रॉनला देऊन टाकू शकतं. हेच अंतर्गत रूपांतरण. आधी गॅमा सुटला आणि मग त्याच अणूच्या इलेक्ट्रॉनवर आपटला, असं इथे घडत नाही. दोन्ही वाटा पहिल्यापासून वेगळ्या आणि एकमेकींशी स्पर्धेत असतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रूपांतरण गुणांकाचा. या संक्रमणाचा α सुमारे ०.११ आहे. तो वाचून ‘११ टक्के इलेक्ट्रॉन, ८९ टक्के गॅमा’ असं लिहून मोकळे होऊ नका. α म्हणजे इलेक्ट्रॉन भागिले गॅमा, एकूणातला वाटा नव्हे. गॅमाचा वाटा 1/(1+α), म्हणजे सुमारे ९० टक्के. ३७ किलोबेकरेलचा स्रोत घ्या. सेकंदाला सुमारे ३४,९०० केंद्रकं उत्तेजित पातळीवर येतात, त्यांतून ३१,५०० गॅमा आणि ३,४५० च्या आसपास रूपांतरण इलेक्ट्रॉन मिळतात. म्हणजेच दर शंभर विघटनांना ८५ गॅमा. कोष्टकातला ८५ टक्के हा आकडा या दोन्ही पायऱ्या धरूनच दिलेला असतो. त्याला पुन्हा १.११ ने भागलं की कार्यक्षमता दहा टक्क्यांनी चुकलीच म्हणून समजा.

इलेक्ट्रॉनची ऊर्जा काढताना बंधन ऊर्जा कोणाची वजा करायची? बेरियमची. बीटा कधीच बाहेर पडलेला असतो आणि अणूने नवी मांडणी स्वीकारलेली असते. बेरियमच्या के-कवचाची बंधन ऊर्जा ३७.४ केईव्ही, म्हणून के-इलेक्ट्रॉन ६२४.२ केईव्हीला सापडतो. एल-कवचाचे इलेक्ट्रॉन साधारण ६५६ केईव्हीला. सीझियमचे ३६ केईव्ही वजा केलेत, तर शिखर दीड केईव्हीने सरकतं.

के-कवचात पडलेली पोकळी भरताना क्ष-किरण तरी सुटतो, नाहीतर तीच ऊर्जा घेऊन अणूचा दुसरा एखादा इलेक्ट्रॉन, म्हणजे ऑजर इलेक्ट्रॉन. इथेही तशीच स्पर्धा. बेरियमच्या के-पोकळीत सुमारे ९० टक्के वेळा क्ष-किरण जिंकतो. वरच्या स्रोतात सेकंदाला २,९०० के-पोकळ्या धरल्या, तर २,६०० क्ष-किरण आणि जेमतेम ३०० के-ऑजर. यावरून ‘ऑजर नगण्य’ म्हणणं मात्र चूक. त्या क्ष-किरणामागे बहुतेक वेळा एल-कवचात नवी पोकळी राहते, आणि तिथे पारडं उलटं फिरतं: ऑजरच जास्त, ऊर्जा मात्र काही केईव्हीच.

सोडियम आयोडाइडच्या वर्णपटात डावीकडे ३२ केईव्हीला दिसणारं शिखर याच के-क्ष-किरणांचं असतं, दुसऱ्या गॅमाचं नव्हे. (शिशाच्या कवचात मोजत असाल तर ७५ केईव्हीजवळचं शिखर शिशाचं आहे, त्याच्या मागे लागू नका.) ३२ आणि ६६२ च्या शिखरांखालचे आकडे सरळ भागले की के-गुणांक, म्हणजे फक्त के-कवचाचे इलेक्ट्रॉन भागिले गॅमा, भलताच मोठा येतो. कारण साधं आहे: ३२ केईव्हीचा जवळजवळ प्रत्येक किरण स्फटिकात पूर्ण शोषला जातो, तर ६६२ चे पुष्कळसे कॉम्प्टन विखुरून निसटतात. म्हणून आधी पार्श्वभूमी वजा करा, मग दोन्ही शिखरं आपापल्या कार्यक्षमतेने भागा, ३२ केईव्हीला ॲल्युमिनियमच्या आवरणात झालेली घट जोडा आणि शेवटी क्ष-किरणांचा आकडा ०.९० ने भागून गॅमाच्या आकड्याने भागा. उत्तर ०.०९ च्या आसपास यायला हवं. ०.११ ची वाट पाहू नका, तो सगळ्या कवचांचा मिळून आहे.

आता ‘रूपांतरण इलेक्ट्रॉन दिसतच नाहीत’ ही तक्रार. प्लास्टिकच्या चकतीत बंद केलेला स्रोत वापरत असाल तर ते दिसणारही नाहीत. ६२४ केईव्हीच्या इलेक्ट्रॉनची प्लास्टिकमधली मजल दोन मिलीमीटरच्या थोडी पुढे. आवरणातून जो बाहेर येईल तो ऊर्जा गमावून, आणि शिखराचा पसरट उतार होतो. २५ केईव्हीच्या आसपासचा के-ऑजर तर पाण्यात १३ मायक्रोमीटरच जातो आणि हवेत सेंटिमीटरभर. त्यासाठी पातळ, उघडा स्रोत आणि निर्वात कक्ष लागतो.

सिलिकॉन शोधकाची जाडीही बघा. अल्फासाठीचा पातळ शोधक लावला तर इलेक्ट्रॉन आरपार जातो आणि ६२४ ला काहीच उभं राहत नाही. मिलीमीटरभर किंवा अधिक संवेदनशील जाडी हवी. ती असली की शिखर ओळखणं सोपं आहे, कारण मुख्य बीटाचा वर्णपट ५१४ केईव्हीलाच संपतो. तरी शंका उरली, तर मध्ये दोन मिलीमीटर ॲल्युमिनियम ठेवा. इलेक्ट्रॉनचं शिखर साफ नाहीसं होतं, ३२ चं शिखर साधारण साठ टक्क्यांवर येतं आणि ६६२ चं जेमतेम चार टक्क्यांनी कमी होतं.