विक्री प्रतिनिधीच्या अर्जाला उत्तर येत नव्हतं : माझा अनुभव

बियाणे कंपन्यांना पाठवलेल्या अर्जांना उत्तरच येत नव्हतं. फोटो बदलला, बायोडाटा इंग्रजीत केला, ‘मेहनती व प्रामाणिक’ ठळक केलं, फुकट गेलं. वैताग आला होता.

उपयोग झाला तो पत्राच्या पहिल्या ओळीचा. आधी जुन्या कंपनीच्या वितरकाच्या खात्यावरून दोन खरिपांत दुकानांत उतरवलेल्या मालाचा आकडा काढला. त्यातून परतावा वजा केला, कारण न खपलेली पाकिटं हंगामानंतर परत येतात. नुसता दुकानात उतरवलेला माल सांगितला, की जाणकार मॅनेजर पहिलं विचारतो, “वापस किती आले?”

मग ओळ अशी झाली : “घाटंजी तालुक्यातल्या 22 कृषी केंद्रांतून परतावा वजा जाता कपाशीची 3,840 पाकिटं विकली, आदल्या खरिपात 3,100 होती.” टक्के (सुमारे 24) नंतर लिहिले. नुसत्या टक्क्यांवर कोणी भरवसा ठेवत नाही.

खाली उधारी वसुलीचं एक वाक्य. दुकानांची नावं मात्र टाकली नाहीत, ती जुन्या कंपनीची माहिती.

शेवटी ‘उत्तराची वाट पाहतो’ काढून लिहिलं : “मंगळवारी सकाळी 11 वाजता फोन करतो. या तालुक्याचा खरीप आराखडा घेऊन भेटायला येईन.” मंगळवारी 11 ला फोन केला. मुलाखत मिळाली.