लग्नाच्या हॉलचा नकाशा: जेवणाची गर्दी आधी कागदावर सोडवा

शेवटची मंगलाष्टक संपली की अर्धे पाहुणे आहेर द्यायला स्टेजकडे निघतात आणि अर्धे जेवणाकडे. दोन्ही रांगा एकाच दारापाशी अडकतात. हे टाळायला चौकटीची वही पुरते.

१. एक चौकट म्हणजे दोन फूट. हॉल ६० बाय ४० असेल तर ३० बाय २० चौकटी. दारं, खांब आणि हात धुण्याची जागा आधी काढा.

२. जेवणाचं दार स्टेजच्या उजवीकडे असेल, तर स्टेजवर चढायची पायरी डावीकडे आणि उतरायची उजवीकडे ठेवा. आहेर देऊन उतरलेला माणूस आपोआप जेवणाकडे वळतो.

३. खुर्च्यांच्या मधली वाट पाच फूट, डावीकडची पाच, जेवणाच्या बाजूची सहा. उरलेल्या २४ फुटांत दीड फुटाच्या सोळा खुर्च्यांची एक ओळ बसते, वाटेच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ.

४. जेवणाचं पाच फुटी गोल टेबल नऊ फुटांचं समजून काढा. मागे सरकलेल्या खुर्च्यांना जागा लागतेच, आणि वाढप्याची वाट त्याशिवाय वेगळी.

आता पेन्सिलीने पाहुण्यांचे बाण काढा. जेवायला जाणारे आणि हात धुऊन परतणारे बाण एकमेकांना छेदत असतील तर बाहेर पडायला दुसरं दार मागा. नकाशाचा फोटो डेकोरेटरला आदल्या दिवशीच पाठवा. ऐनवेळी तो सोफे आणि फुलांचे स्टँड हमखास वाटेत मांडतो.

संकटकालीन दारासमोर मात्र एकही खुर्ची नको, पाहुणे कितीही वाढोत.